घरातलं घरात, पण घर कुठपर्यंत?

‘घरातलं घरात राहावं’ हे वाक्य आपल्याकडे मुलीला लग्नाआधीच ऐकवलं जातं, बहुतेकदा तिच्या स्वतःच्या आईकडून. वाक्यात खोट काही नाही. अडचण आहे ती ‘घर’ या शब्दाची. सुनेनं रात्रीचं भांडण माहेरी फोनवर सांगितलं, की ते घराबाहेर गेलं. सासूनं तेच भांडण हडपसरला दिलेल्या लेकीला सांगितलं, तर ते घरातच राहिलं, कारण लेक काय परकी आहे का? एकाच भांडणाला दोन कुंपणं. सुनेचं कुंपण उंबऱ्याला संपतं, सासूचं मात्र लेकी, बहिणी, भाऊ, भावजया एवढ्यांना आत घेऊन थेट बार्शीपर्यंत जातं.

नवरा-बायकोचं भांडण सासरच्यांनी नातेवाइकांत सांगणं याला आपण चुगली म्हणून मोकळे होतो आणि सासूच्या स्वभावावर बोट ठेवतो. स्वभाव बदलणं कुणाच्या हातात नसतं. घर कुठपर्यंत, हे ठरवणं मात्र हातात असतं, आणि ते ठरवायचं काम ज्यांचं भांडण आहे त्या दोघांचं आहे. वडीलधाऱ्यांचं नाही, सगळ्या नात्याचं तर नाहीच.

सोलापूर जिल्ह्यात ही गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा अवघड होते, त्याला एक साधं कारण आहे. आपल्याकडच्या बऱ्याच समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. अशा लग्नात सासू ही सुनेची आत्या असते. नवऱ्याची मावशीही आत्याच, धाकटी. सुनेचे वडील म्हणजे सासूचा सख्खा भाऊ. सासर आणि माहेर या झाडाच्या दोन वेगळ्या फांद्या नसतात, ते एक कडं असतं. कड्यात एका बाजूनं सोडलेली गोष्ट फिरून दुसऱ्या बाजूनं परत येते, आणि येताना तिचा चेहरा बदललेला असतो.

उदाहरणासाठी असं एक घर धरू. जुळे सोलापुरातलं, खाली सासू-सासरे, वर मुलगा-सून आणि चार वर्षांची नात. मुलगा चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर, सून खाजगी शाळेत शिक्षिका. त्या दिवशी नळाला पाणी यायचा दिवस होता आणि पाणी आलं रात्री साडेअकराला. हौद भरेपर्यंत चौघंही जागे. त्या वेळेत सुनेनं बँकेचा मेसेज पाहिला. नवऱ्यानं कारखान्यातल्या मित्राला ३०,००० रुपये उसने दिले होते, न विचारता. ती म्हणाली, “द्यायला माझी ना नव्हती. पण मला एकदा विचारायचं होतं. माझाही पगार त्याच खात्यात जातो.” तो म्हणाला, “आता काय प्रत्येक गोष्ट विचारून करू?” आवाज वाढला. मोटर बंद झाली तेव्हा शेवटची दोन-तीन वाक्यं खालपर्यंत स्पष्ट ऐकू आली. त्यातलं एक होतं, “मग खातं वेगळं करू.”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं बोलले. ठरलं असं, की ५,००० रुपयांच्या वरचा खर्च किंवा उसनवारी आधी सांगायची, आणि मित्रानं हे पैसे दिवाळीपर्यंत तीन हप्त्यांत परत करायचे. भांडण संपलं.

पण दुसऱ्या दिवशी दुपारीच सासूनं लेकीला फोन केला होता. तिनं सांगितलं, पैशांवरून दोघांचं वाजलं, पोरगी झोपेतून उठली. लेकीनं संध्याकाळी बार्शीच्या मावशीला सांगितलं, की वहिनीला तिच्या पगाराचा फार हिशेब असतो. मावशीनं चौथ्या दिवशी मंगळवेढ्याला आपल्या भावाला, म्हणजे सुनेच्या बापाला, फोन लावला, “पोरगी वेगळं राहायचं म्हणते म्हणे.” पाचव्या दिवशी रात्री आठला बापाचा मुलीला फोन आला. वेगळं खातं बोलायच्या ओघात वेगळं बिऱ्हाड झालं होतं. एकही माणूस मुद्दाम खोटं बोलला नव्हता. प्रत्येकानं ऐकलेल्या तुकड्यांमधली जागा आपल्या अनुभवानं भरली, एवढंच.

आणि या प्रवासात काय गेलं नाही, तेही पाहा. तिसऱ्या दिवसाचा समेट गेला नाही. तो बंद खोलीत, हळू आवाजात, नात झोपल्यावर झाला. भांडण ऐकू येतं, समेट ऐकू येत नाही. त्यामुळे नात्यातल्या दहा घरांत हे जोडपं अजून भांडतंच आहे. पुढच्या भांडणाची बातमी आली की लोक ती मागच्यात मिळवतात, आणि दोन-तीन वर्षांत ‘त्यांचं पटत नाही’ हे सगळ्यांना ठाऊक असलेलं सत्य होऊन बसतं. या प्रकाराचं खरं नुकसान हे आहे. लाज वाटणं ही त्यामानानं छोटी गोष्ट.

आता करायचं काय? पहिली प्रतिक्रिया असते, कुणी सांगितलं याचा शोध. तो शोध माणसांना विचारून घेऊ नये. गोष्टीलाच विचारावं. परत आलेल्या गोष्टीत कुठले तपशील आहेत, यावरून ती कुठून फुटली हे बऱ्यापैकी कळतं. फक्त मोठ्या आवाजातली वाक्यं असतील आणि कारण चुकलेलं असेल, तर ती भिंतीपलीकडून ऐकलेली आहे. नेमका आकडा असेल, मित्राचं नाव असेल, तर दोघांपैकी एकानं कुणाला तरी सांगितलेलं आहे. वरच्या उदाहरणात बापाला आकडा माहीत नव्हता, ‘वेगळं’ हा शब्द तेवढा पोचला होता. म्हणजे गोष्ट ऐकलेली होती. पण तिच्या फोनवर बाप जर म्हणाला असता, “३०,००० साठी एवढं?” तर मामला निराळा होता. मग नवऱ्यानं सकाळी चहाच्या वेळी आईजवळ मन मोकळं केलं असणार, आणि आईशी बोलण्याआधी त्याला स्वतःशी बोलायला हवं होतं.

हे फार वेळा घडतं आणि फार कमी वेळा कबूल केलं जातं. मुलगा आईला सांगतो आणि नंतर आईनं पुढे सांगितलं म्हणून चिडतो. आपलीच गोष्ट आपल्याला दोन तास सांभाळता आली नाही, ती ६२ वर्षांच्या बाईनं जन्मभर सांभाळावी, ही अपेक्षा जरा जास्तच. म्हणून पहिलं बोलणं सासूशी नव्हे, नवरा-बायकोत. ते भांडणाच्या दिवशी नको, सगळं शांत असताना हवं. घरात जमत नसेल तर बाहेर. संभाजी तलावाच्या काठावर संध्याकाळी दिसणारी सगळीच जोडपी प्रेमात असतात असं मानायचं कारण नाही. काही निव्वळ भिंतींना कान नकोत म्हणून आलेली असतात.

या बोलण्यात दोन गोष्टी ठरवाव्यात. एक, मन मोकळं करायला प्रत्येकाचा एक माणूस, आणि तो कोण हे दुसऱ्याला माहीत असावं. कुणालाच काही सांगायचं नाही, हा नियम आठवडाभरही टिकत नाही, आणि टिकला तर माणूस आतून कुढतो. एक मैत्रीण, एक भाऊ, कुणीही, पण शक्यतो कड्याच्या बाहेरचा. दुसरी गोष्ट, त्या माणसालाही न सांगण्याच्या बाबी. आमच्या मते त्या चारच आहेत, पैशांचे आकडे, शरीरसंबंध, मूलबाळ आणि आजारपण यांबद्दलच्या चर्चा, आणि रागाच्या भरात एकमेकांच्या आईवडिलांबद्दल निघालेले शब्द. शेवटची बाब सर्वांत घातक. “तुझ्या आईनं असंच वाढवलं तुला” हे वाक्य नवरा-बायकोत दोन दिवसांत विरून जातं. तेच त्या आईच्या कानावर गेलं, की ती ते मरेपर्यंत विसरत नाही, आणि तिनं विसरावं तरी का?

हा करार दोन्ही बाजूंना सारखा हवा. बायको रोज रात्री माहेरी वीस मिनिटं दिवसाचा वृत्तान्त देत असेल, तर नवरा आपल्या आईला काही सांगायला गेला की आई एकच प्रश्न विचारेल आणि त्याला उत्तर नसेल. जावयाचं वागणं आपल्या बहिणींना सांगणाऱ्या सासवाही कमी नाहीत. त्याला मात्र काळजी म्हणायची पद्धत आहे.

मोबाइलबद्दल एक वेगळी सूचना. भांडताना रेकॉर्डिंग करणं आणि ते रागाच्या भरात बहिणीला किंवा मामाला पाठवणं आता सर्रास होतं. क्लिप एकदा गेली की तिच्यावर आपला ताबा राहत नाही. चोरून केलेलं असं रेकॉर्डिंग नवरा-बायकोंच्या आपसातल्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२५ रोजी दिला आहे. ज्यांना कोर्टात जायचं नाही त्यांनी आपल्या संसाराचा पुरावा नातेवाइकांच्या फोनमध्ये साठवून ठेवू नये.

मग आईशी बोलणं. हे मुलानंच करायचं. सून बोलली तर तिचं म्हणणं कितीही रास्त असलं तरी ‘सून सासूला शिकवते’ अशी नवी बातमी तयार होते आणि ती जुन्या बातमीपेक्षा जोरात धावते. आत्या-भाचीचं नातं असलं तरी हेच. उलट तिथे तर “माझ्याच भावाची पोर मला बोलली” हे दुःख वरचं. सुनेच्या आईशी तेवढ्याच न्यायानं मुलीनं बोलावं, जावयानं नाही.

वेळ दुपारची, जेवणं झाल्यावरची. सासरे आणि नात शेजारी नकोत, पंचमी-दिवाळीला लेक माहेरी आलेली असताना तर अजिबात नको. दहा मिनिटांत संपेल एवढंच बोलावं. तीन गोष्टी सांगायच्या, काय पोचलं, त्यानं काय झालं, आणि यापुढे काय हवं. म्हणजे साधारण असं: “आई, त्या रात्रीचं भांडण मंगळवेढ्याला मामाच्या कानावर गेलं, तेही आम्ही वेगळं राहणार म्हणून. मामा दोन रात्री झोपला नाही. आमच्या दोघांत जे बोलणं होतं ते यापुढे ताईलाही सांगू नकोस.”

‘ताईलाही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो गाळला तर बोलणं फुकट गेलं असं समजा. “बाहेर सांगू नकोस” असं म्हटलं की आई मनापासून हो म्हणेल आणि मनापासूनच लेकीला फोन लावेल, कारण तिच्या हिशेबात लेक बाहेरची नाहीच. घर कुठपर्यंत, हे इथे नाव घेऊन सांगावं लागतं.

आई काय म्हणेल, तेही बहुतेक ठरलेलं असतं. पहिलं, “मी काय गावाला सांगितलं का? पोटच्या पोरीला सांगितलं की.” यावर वाद घालू नये. “ताईचं काही चुकलं नाही. पण तिच्याकडून पुढे गेलं, आणि जाणारच. म्हणून तिलापण नको.” दुसरं येतं रडवेल्या आवाजात, “मग मी आता तोंड शिवून बसू का या घरात?” या प्रश्नाला हसून सोडू नये, कारण तो खरा आहे. दिवसभर ती एकटी असते. मुलगा-सून कामावर, सासरे पेपर आणि टीव्हीत. वरच्या मजल्यावरून ओरडण्याचा आवाज आला की तिचा जीव घाबरतो, आणि तो कुणाजवळ तरी हलका करायचा असतो. तिला फोन करू नकोस म्हणणं म्हणजे तिचा एकमेव आधार काढून घेणं. तिच्यासाठी रेघ दुसरीकडे ओढावी लागते: तिला जे झालं ते तिचं, आम्हा दोघांत जे झालं ते आमचं. “रात्री झोप लागली नाही गं, बीपीची गोळी घ्यावी लागली” हे ती लेकीला खुशाल सांगू शकते. “तो असं म्हणाला, मग ती तसं म्हणाली” हे नाही. ही रेघ तिला समजते, कारण तिच्या स्वतःच्या सासूनं तिच्याबद्दल काय काय कुठे सांगितलं होतं, ते तिला अजून पाठ असतं. त्याची आठवण करून द्यायची गरज नसते, ती आपोआप येते.

हे बोलणं फसतं ते बहुधा एका शब्दानं. मुलगा म्हणतो, “तिला वाईट वाटलं.” झालं. आता ही तक्रार सुनेची ठरली आणि मुलगा नुसता निरोप्या. “मला वाईट वाटलं” म्हणायला मुलांना जड जातं, कारण आईपुढे एवढ्या सरळ वाक्यात उभं राहायची सवय नसते. पण तिथे ‘मला’ लागतं. खरंच वाईट वाटलं नसेल, तर बोलायला जाऊच नये. आईला ते क्षणात कळतं.

फसण्याच्या इतर वाटाही सांगून ठेवतो. शपथ घ्यायला लावणं: लेकराची शपथ घेतलेली आई शपथ मोडली की भेदरते, आणि भेदरलेला माणूस जास्त बोलतो. ‘काही लोकांना दुसऱ्याच्या घरात डोकावायची सवय असते’ असं स्टेटस ठेवणं: ते पाहणाऱ्या चाळीसजणांपैकी पस्तिसांना भांडणाची बातमी तिथेच पहिल्यांदा कळते. खोटी गोष्ट मुद्दाम सांगून ती कुठे निघते ते बघणं: यातून चोर सापडतो, पण घर गमावलं जातं, कारण नंतर तुमच्या खऱ्या गोष्टीवरही आई विश्वास ठेवत नाही. आणि शिक्षा म्हणून नातीला खाली न पाठवणं. ते तर करूच नये. भांडण दोघांचं होतं, चार वर्षांच्या पोरीला त्यात साक्षीदार करू नये.

आता एक उपाय, जो दिसायला अगदी किरकोळ आहे आणि आमच्या मते सर्वांत कामाचा. मिटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आईला तेवढं सांगावं. “आई, काल आमचं पैशांवरून वाजलं होतं, ते मिटलं.” एवढंच. का वाजलं, कोण चुकलं, काय ठरलं, यातलं काही नाही. माणूस अर्धवट गोष्ट पुढे नेतो, कारण तिचा शेवट त्याला हवा असतो. लेकीला फोन करून आई खरं म्हणजे विचारत असते, ‘आता काय होईल गं?’ शेवट कळला की त्या फोनची निम्मी गरज उरत नाही. आणि तरी फोन केलाच, तर निदान समेटही त्याच तारेनं पोचतो. काही जोडपी उलटं करतात, इतकी गप्प राहतात की घरात नुसती भांडी वाजतात. मग आई अंदाज बांधते. अंदाज भांडणापेक्षा लवकर बार्शीला जातो.

ऐकणाऱ्यांकडे आपण फार कमी लक्ष देतो, म्हणून नणंदेबद्दल थोडं. गोष्ट आईच्या तोंडून निघते हे खरं, पण ती पुढे जाईल की नाही हे दुसऱ्या माणसाच्या हातात असतं. लेकीनं फोनवर “मग वहिनी काय म्हणाली?” असं विचारलं की आईला आठवून आठवून सांगावं लागतं. “बरं, तू जेवलीस का?” असं विचारलं की गोष्ट तिथेच थांबते. भावानं बहिणीशी स्वतंत्रपणे, आईची तक्रार न करता, एवढंच बोलावं: “आईचं ऐकून घे, तिला तुझ्याशिवाय कुणी नाही. फक्त ते तुझ्यापाशी ठेव.” ती स्वतः कुणाच्या तरी घरची सून आहे. तिच्या सासूचे फोन कुठे कुठे जातात याचा तिला चांगला अंदाज असतो.

आणि मावशीसारखी लांबची माणसं? ती बदलत नाहीत, आणि त्यांच्याशी बैठक घेऊन बोलण्याएवढं ते नातं जवळचंही नसतं. गड्ड्याच्या दिवसांत सगळी पाहुणेमंडळी सोलापुरात असतात. अक्षता सोहळ्याहून परतल्यावर, चहाच्या वेळी, पाचजणींच्या देखत धाकटी आत्या म्हणणार, “पगाराचा एवढा हिशेब ठेवू नये गं पोरी.” इथे सुनेचा मोह असतो खरं काय झालं ते समजावून सांगायचा. तो आवरावा. खुलासा म्हणजे नवा माल. तीस हजार, मित्र, दिवाळी, तीन हप्ते, सगळं त्या रात्रीच बार्शीच्या गाडीत बसेल. “आत्या, ते आमचं तेव्हाच मिटलं. तुमच्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?” असं म्हणून चहाची कपबशी पुढे करावी. हाच प्रश्न तिनं पुन्हा विचारला तर हेच उत्तर, त्याच आवाजात. आणि तेव्हा नवरा शेजारी असेल तर त्यानं मोबाइलमध्ये डोकं घालू नये. “हो मावशी, झालं ते” एवढं त्यानं म्हटलं तर सुनेचं उत्तर उद्धट वाटत नाही. नाहीतर तेच शब्द उद्धट वाटतात.

वेगळं राहिल्यानं हे सुटतं, असं तरुण मंडळी ठामपणे सांगतात. भिंतीपलीकडून ऐकू येणं थांबतं, हे खरं. पण पुण्यात दोन खोल्यांत राहणाऱ्या कितीतरी सोलापूरकर जोडप्यांची भांडणं सोलापुरात आधी कळतात, कारण ती तिथून फोनवरून इथे येतात. गळती तोंडाची असेल तर पत्ता बदलून काय होणार? वेगळं राहायला दुसरी चांगली कारणं असू शकतात. याच कारणासाठी १२,००० भाडं देण्याआधी वरचं दहा मिनिटांचं बोलणं करून पाहावं.

“पूर्वी मोठी माणसं मध्ये पडायची म्हणून संसार टिकायचे” हा जुन्या पिढीचा आक्षेप आम्ही उडवून लावणार नाही. मोठ्यांनी मध्ये पडण्याची एक चांगली रीत होतीच. पण तिच्यात दोघं समोर बसलेले असायचे, दोघांचं ऐकलं जायचं, आणि उठताना काहीतरी ठरायचं. फोनवरच्या गोष्टीत दोघंही हजर नसतात आणि ठरत काहीच नाही. बैठकीचं श्रेय चुगलीनं घेऊ नये. दोघांनी मिळून एखाद्या मामाला बोलावलं तर तो मध्ये पडलेला माणूस. दोघांना न विचारता ज्याला कळलं, तो नुसता ऐकणारा.

या सगळ्याला एक अपवाद आहे आणि तो नीट सांगायला हवा, कारण ‘आमचं खासगी आहे’ हे वाक्य सोईस्कर हत्यारही होतं. मारहाण, मारण्याची धमकी, कोंडून ठेवणं, पैसे काढून घेणं, दारू पिऊन येणारा माणूस आणि त्याला घाबरून गप्प बसलेली बाई, यातलं काहीही खासगी भांडण नव्हे. ओळखण्याची साधी खूण अशी, की भांडणात दोघांचा आवाज वर जातो. जिथे एकाचाच आवाज वर जातो आणि दुसरा माणूस उत्तर देताना दाराकडे बघतो, तिथे भांडण चाललेलं नसतं. तिथे सासूनं सांगावं, शेजारणीनं सांगावं, पोरीनं माहेरी सांगावं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ नुसार अशी माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर त्यासाठी कायदेशीर जबाबदारी येत नाही. महिला हेल्पलाइनचा नंबर १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२. ‘यापुढे ताईलाही सांगू नकोस’ हे वाक्य असा नवरा आपल्या आईला सांगत असेल, तर आईनं ते ऐकू नये.

बाकीच्या, म्हणजे बहुसंख्य, घरांत बोलणं झाल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत गोष्ट पुन्हा एकदा तरी बाहेर जातेच. तीस वर्षांची सवय दहा मिनिटांत जात नाही. त्याला विश्वासघात समजून मोठा तमाशा केला, की सगळं पहिल्या पायरीवर येतं. दुसऱ्यांदा तेच वाक्य, आणखी छोटं: “आई, ते ताईकडे गेलं. नको म्हटलं होतं.” बस. तिसऱ्यांदा मात्र बोलणं थांबवून हात आखडता घ्यावा. आईशी प्रेमानं वागावं, दवाखान्यात न्यावं, तिच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागून खावी, पण पैशांची आणि भांडणाची गोष्ट तिच्यापुढे काढू नये, पाणी यायच्या रात्री तर वरचं दार लावूनच बोलावं. हे तिला सांगायचीही गरज नाही. शिक्षा म्हणून केलं तर तिला ते जाणवतं आणि तीच पुढची बातमी होते. निमूट केलं तर तिच्याजवळ सांगण्यासारखं उरत नाही, एवढंच.

आपल्या उदाहरणातल्या घरात वर्षभरानं काय दिसेल, याचा अंदाज बांधता येतो. सासू लेकीला फोन करतेच, त्यात बीपी असतो, नातीची शाळा असते, सुनेनं आणलेल्या साडीचा रंग असतो. लेक फारसं खोदत नाही. मंगळवेढ्याचा बाप मुलीला थेट विचारायला शिकलाय, “खरं का गं?” म्हणून, आणि ती “नाही बाबा” म्हणाली की झोपतो. बार्शीची आत्या अजून प्रत्येक समारंभात विचारते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, निदान तेवढे दिवस तिच्याकडे दुसरा विषय आहे.